‘उघडेल का हो दार?’ : बाईंना एक उघडे आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र खरे तर पाकिटात घालून तुमच्या घरी पाठवायचे होते. पण नव्या मुख्याध्यापकांच्या स्वागताला परिपाठात मुलांनी म्हटलेल्या बारा ओळी आता इतर शाळांतले शिक्षक माझ्याकडे मागू लागले आहेत आणि प्रत्येक जण ‘तुम्ही छान लिहिल्यात’ असे म्हणतो. त्या ओळी माझ्या एकटीच्या नाहीत. त्या कशा झाल्या हे सगळ्यांसमोर सांगितल्याशिवाय मला तुमचे आभार मानल्यासारखे वाटणार नाही, म्हणून हे पत्र उघडे.

तुमच्या निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एका विज्ञानाच्या शिक्षिकेचा रात्री फोन येतो, ‘सोमवारी परिपाठात स्वागतगीत हवे आहे, मराठीच्या बाई रजेवर आहेत, मी काहीतरी लिहिले आहे, बघाल का?’ तुम्ही ‘पाठव’ एवढेच म्हणालात. मी चाळीस ओळी पाठवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला घरी बोलावलेत. टेबलावर माझ्या कागदाची प्रत, पेन्सिल आणि खोडरबर होते. लाल पेन नव्हते. हे मी विसरणार नाही.

माझी पहिली ओळ होती :

ज्ञानसूर्य उगवला, अंधार हा दूर गेला

तुम्ही विचारलेत, “म्हणजे काल शाळेत अंधार होता का?” मी गप्प झाले. आधीच्या मुख्याध्यापकांना निरोप देऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांनी वाढवलेली शाळा, तेच शिक्षक, तीच मुले, आणि मी त्या सगळ्यांना एका ओळीत अंधार म्हणून मोकळी झाले होते. नव्या माणसाला मोठे करताना जुन्याला नकळत लहान करायचे, ही स्वागताच्या कवितेतली सर्वांत नेहमीची चूक आहे असे तुम्ही म्हणालात. ‘नवी पहाट’, ‘नवे पर्व’, ‘आता येईल शिस्त’ ही सगळी त्याच चुकीची रूपे. शिवाय ज्यांना आम्ही अजून पाहिलेही नव्हते, त्यांना ज्ञानसूर्य म्हणणे खोटेच. पहिल्या दिवशी त्यांच्याविषयी खरे म्हणण्यासारखे एवढेच होते की ते आले आहेत आणि आम्ही त्यांची वाट बघत उभे आहोत.

त्यांचे नाव मी दुसऱ्या कडव्यात ओढूनताणून बसवले होते. तेही तुम्ही काढलेत. नाव सूत्रसंचालनात नीट, पूर्ण आणि आदराने घेता येते. कवितेत ते अक्षरांच्या मापात कोंबले की मुले तोडून म्हणतात, आणि पहिल्याच दिवशी स्वतःचे नाव तुटलेले ऐकणे कोणाला आवडेल?

मग तुम्ही चाळीस ओळींखाली एक रेघ मारलीत आणि म्हणालात, “बारा. तीन कडवी. पहिल्यात स्वागत, दुसऱ्यात एकच इच्छा, तिसऱ्यात मुलांकडून काहीतरी देणे. याहून जास्त उभे राहून ऐकवत नाही.” घरी जाऊन मी घड्याळ लावून म्हणून पाहिले. बारा ओळी सावकाश म्हटल्या तर पाऊण मिनिटही लागत नाही. माझ्या चाळीस ओळींना सव्वादोन मिनिटे लागत होती, आणि एवढा वेळ पाहुण्याला चेहऱ्यावर हसू धरून उभे राहावे लागले असते.

वृत्ताचे तुम्ही जसे समजावलेत तसेच इथे लिहिते, कारण ज्यांनी कविता मागितली त्यांना कवितेपेक्षा याचाच जास्त उपयोग होईल. मी अंदाजाने ओळी लांब-आखूड केल्या होत्या. तुम्ही अष्टाक्षरी घ्यायला सांगितलेत : प्रत्येक ओळीत आठ अक्षरे, चार झाली की बारीकसा थांबा, मग पुन्हा चार. ओवी का नको, हे मी विचारले होते. ओवी एकट्या आवाजाला शोभते, पण तिच्या चरणांची लांबी कमीजास्त होते आणि शेवटचा चरण आखूड असतो, त्यामुळे तालमीला दोनच दिवस असलेली तीस मुले तिथे एकत्र थांबत नाहीत, हे तुमचे उत्तर. मात्रावृत्तात ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब सांभाळावा लागतो. अष्टाक्षरीत ‘कि’ही एक आणि ‘की’ही एक, बोटांवर मोजता येते.

मोजतानाही मी दोन ठिकाणी चुकत होते. ‘पुस्तकांच्या’ हा शब्द मी पाच अक्षरांचा धरला होता, अर्धा ‘स’ वेगळा मोजून. तुम्ही पेन्सिलीने खाली ठिपके दिलेत : पु, स्त, कां, च्या. चार. जोडाक्षर कितीही भरगच्च दिसले तरी अक्षर एकच. दुसरी चूक उलटी होती. ‘उघडतो’ आपण बोलताना ‘उघड्तो’ असे म्हणतो, म्हणून मी ते तीन मोजले. पण अक्षरछंदात बोलताना गिळलेला ‘अ’ही मोजायचा असतो : उ, घ, ड, तो. म्हणताना तो थोडा लांबवायचा. मुलांना हे समजावायला तुम्ही टाळीची युक्ती दिलीत. पहिल्या अक्षरावर एक टाळी, पाचव्यावर दुसरी. ओळीत दोनच टाळ्या. टाळी चुकली की समजायचे, कोणीतरी अक्षर गिळले.

आणि आठ अक्षरे भरली म्हणजे ओळ झाली असे नाही, हे मला ज्या ओळीवरून कळले ती अजून पाठ आहे :

आम्हां पुस्तकांची ओढ

मोजले तर बरोबर आठ. मी खूश होते. तुम्ही म्हणालात, “टाळी देऊन म्हण.” दुसरी टाळी पाचव्या अक्षरावर, म्हणजे ‘कां’वर पडली. ‘आम्हां पुस्त’, थांबा, ‘कांची ओढ’. शब्दाचे दोन तुकडे. एकट्याने वाचताना हे लपून जाते, तीस मुलांनी एकदम म्हटले की उघडे पडते, कारण निम्मी मुले थांबतात आणि निम्मी शब्द पुरा करून पुढे जातात. तुम्ही फक्त शब्द फिरवलेत : ‘पुस्तकांची ओढ आम्हां’. तीच आठ अक्षरे, पण आता थांबा शब्द संपल्यावर येतो. शेवटी ही ओळ राहिली नाही, तरी त्या दिवसापासून कुठलीही ओळ मला टाळी दिल्याशिवाय पुरी वाटत नाही.

यमकाचेही एक सांगते. माझ्या पहिल्या कडव्यात ‘रांगेमध्ये उभी मुले, स्वागताला आली फुले’ असे होते. मुले-फुले हे यमक वापरून वापरून गुळगुळीत झाले आहे हे मलाही ठाऊक होते. पण तुमची हरकत वेगळीच होती. “मुले स्वतःला ‘मुले’ म्हणतात का? हा तुझा आवाज आहे, रांगेच्या बाजूला उभ्या असलेल्या बाईचा. मुले ‘आम्ही’ म्हणतात.” शिवाय फुले कोणाच्याच हातात असणार नव्हती. मग तुम्ही विचारलेत, की कविता सुरू व्हायच्या आधीच्या मिनिटात मुले नक्की काय करत असतील? घंटा होते, ती शांत होतात, रांगेत उभी राहतात. तेच लिहिले. पहिले कडवे असे झाले.

आता दुसऱ्या कडव्याकडे येते. खरे आभार त्याचेच आहेत.

तुम्हाला भेटायला येण्याआधी मी सातवीच्या मुलांना चिठ्ठ्या लिहायला लावल्या होत्या : नव्या सरांना काय सांगावेसे वाटते? कोणी खेळाचा तास वाढवा म्हटले, कोणी नळाला पाणी, कोणी पंखे. आणि बऱ्याच चिठ्ठ्यांत पुस्तकांचे कपाट होते. ते कपाट वाचनाच्या तासापुरते उघडते, एरवी कुलपात. यात कोणाचा दुष्टपणा नाही. पुस्तक हरवले तर ज्याच्या सहीने ते नोंदवहीत आहे त्यालाच जबाब द्यावा लागतो, म्हणून कुलूप. मी सगळ्याच इच्छा कवितेत घातल्या होत्या, एकेक ओळ एकेकीला. तुम्ही म्हणालात की चार इच्छा एकत्र आल्या की ते निवेदन होते, आणि निवेदन अर्जावर लिहायचे असते. एकच ठेव. आणि ती अशी ठेव, जिची किल्ली खरोखर त्यांच्याच हातात आहे. पंख्यांसाठी त्यांना वर लिहावे लागेल, खेळाच्या तासासाठी वेळापत्रक मोडावे लागेल. पहिल्याच सकाळी माणसाला न जमणारे मागून अवघडून टाकू नये. कपाट मात्र ते ठरवले तर उघडू शकतात.

मग त्या एका ओळीवर आपण जवळजवळ तासभर बसलो. माझी ओळ होती :

उघडा ना आता दार

माप बरोबर, थांबाही बरोबर. ‘ना’ घालून मी ती लाडिक केली होती. पण तुम्ही दोन शब्दांवर बोट ठेवलेत. ‘उघडा’ हा आज्ञार्थ. लाडाने म्हटला तरी मुलांनी समूहाने म्हटला की घोषणा होते. आणि ‘आता’? ‘आता’ म्हटले की आत्तापर्यंत कोणीतरी बंद ठेवले होते हे आलेच. कपाटाची किल्ली ज्या सहकाऱ्याकडे आहे ते त्याच मैदानात, चौथ्या रांगेशेजारी उभे असणार होते. माझ्या हे ध्यानातच आले नव्हते.

मग मी ‘उघडावे तुम्ही दार’ असे केले. विध्यर्थ, जास्त नम्र. तुम्ही मान हलवलीत, पण समाधान झाले नाही. “यात कर्ता कोण?” ‘तुम्ही’. म्हणजे सगळ्या शाळेसमोर त्यांच्याकडे बोट गेलेच. त्यांनी उघडले नाही तर मुलांच्या लेखी ते न उघडणारे ठरणार.

आणि मग तुम्ही पेन्सिलीने लिहिलेत :

उघडेल का हो दार?

बाई, मी त्या ओळीकडे कितीतरी वेळ बघत राहिले. ‘उघडणे’ हे क्रियापद दोन्हीकडे चालते : कोणी दार उघडते, आणि दार आपले उघडते. तुम्ही दुसरे घेतलेत. आता कर्ता दारच. कोणी कुलूप लावले हे ओळीत नाही, कोणी उघडायचे हेही नाही. ऐकणाऱ्याला वाटले तर ते काम त्याने स्वतःहून आपले म्हणावे. आणि ते ‘हो’! ते काढले तर एक अक्षर कमी पडते, म्हणून मला वाटले भरतीचे आहे. तुम्ही म्हणालात, नुसते ‘का’ म्हणजे जाब, ‘का हो’ म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाला विचारणे. आदर आणि जवळीक दोन्ही त्या एका अक्षरात आहे. मी तीन वर्षे शाळेत रोज मुलांच्या तोंडून ‘का हो’ ऐकते आहे, पण त्यात एवढे आहे हे मला दिसले नव्हते.

त्याच कडव्याच्या पहिल्या ओळीत माझे ‘चौथा तास लांब वाटे’ होते. मुले हसली असती, पण चौथा तास कोणाचा तरी असतोच. आणि ‘सुट्टी मात्र छोटी फार’ ही ओळ गेली, कारण तिच्यामुळे सरांना वाटले असते की मुलांना सुट्टी वाढवून हवी आहे. सुचवणे हळुवार असावे, पण अस्पष्ट नसावे, एवढे मी त्यावरून शिकले.

तिसरे कडवे एका चिठ्ठीतून आले. एका मुलीने लिहिले होते, ‘सर वर्गात आले तर आमच्या बाकावर बसतील का?’ ती चिठ्ठी तुम्हीच बाजूला काढून ठेवली होती. इथे तुम्ही ‘यावे’ चालू दिलेत. मी म्हटले, हाही विध्यर्थच की. तुम्ही म्हणालात, तिथे मागणे होते, इथे बोलावणे आहे. मागण्याच्या ‘उघडावे’ला जे ओझे आहे ते बोलावण्याच्या ‘यावे’ला नाही. शिवाय मागितल्यानंतर मुले स्वतःकडचे काहीतरी देतात, बाकावरची जागा. कविता मागण्यावर संपत नाही.

सोमवारी मुलांनी म्हटले ते हे :

घंटा झाली, शांत झालो,
रांगेमध्ये उभे सारे;
नव्या नव्या ओळखीची
उघडतो आम्ही दारे.

खेळूनही सुट्टीमध्ये
वाचावेसे वाटे फार;
पुस्तकांच्या कपाटाचे
उघडेल का हो दार?

कधी यावे वर्गामध्ये,
थोडे बोलू, थोडे हसू;
बाकावर तुम्हांसाठी
सरकून आम्ही बसू.

पहिल्या कडव्यातली ‘दारे’ आणि दुसऱ्यातले ‘दार’ हे मी ठरवून केले नव्हते. तुम्ही ते पाहिलेत आणि म्हणालात, राहू दे. आधी मुले आपली दारे उघडतात, मग एका दाराचे विचारतात.

म्हणण्याची वाटणीही तुमचीच. मी सगळी कडवी समूहाला दिली होती. शुक्रवारच्या तालमीत तीस मुलांनी एकदम ‘उघडेल का हो दार’ म्हटले आणि मैदानावर ते मोर्चासारखे वाजले. शब्द तेच, पण तीस आवाजांत प्रश्नाचे प्रश्नपण राहत नाही. मी घाबरून तुम्हाला फोन केला. तुम्ही सांगितलेत, पहिले आणि तिसरे कडवे सगळ्यांनी म्हणायचे, मधले एकट्या पाचवीतल्या मुलाने. आवाज ‘का’वर चढवायचा नाही, तिथे चढला की जाब होतो. ‘हो’वर किंचित थांबून ‘दार’ खाली सोडायचे. आणि त्या ओळीनंतर सगळ्यांनी मनात दोन अंक मोजून मगच तिसरे कडवे सुरू करायचे. शनिवारी तो मुलगा तीनदा ‘का’वरच चढला. चौथ्यांदा मी त्याला म्हटले, आजीला विचारतोस तसे विचार. तेव्हा जमले.

बाई, सोमवारी काय झाले ते फोनवर अर्धेच सांगितले होते. त्या दोन अंकांच्या शांततेत नव्या सरांनी मान वर करून त्या मुलाकडे पाहिले. किल्ली सांभाळणारे सहकारी हसत होते, मी मुद्दाम तिकडे पाहिले. ‘सरकून आम्ही बसू’ला पहिल्या रांगेतली दोन मुले खरोखरच थोडी सरकली. हे आम्ही बसवले नव्हते. सर भाषणात कपाटाविषयी काही बोलले नाहीत, आणि ते बरेच झाले. सगळ्यांसमोर दिलेले वचन त्यांना दिवसभर बोचले असते. मधल्या सुट्टीत त्यांनी मला बोलावून कवितेची एक प्रत मागितली आणि विचारले, “हे कपाट कुठे आहे?” मी दाखवले. त्यांनी देवघेवीची नोंदवही चाळली, किल्ली सांभाळणाऱ्या सरांशी बसून बोलले. हरवलेल्या पुस्तकाची जबाबदारी एकट्याच्या सहीवर राहू नये म्हणून काय करता येईल, यावर त्यांचे बोलणे चालू आहे. कपाटाला अजून कुलूप आहे.

प्रत मी टंकलेखनासाठी दिली होती. ती आली तेव्हा तिच्यात ‘उघडेल का हे दार’ असे छापले होते. एका कान्याचा फरक. मी ती परत केली आणि सरांना हातानेच लिहून दिली, ‘हो’ जरा ठळक.

तुमचा पेन्सिलीचा कागद मी परत पाठवत नाही. त्यावर ‘पुस्तकांच्या’खालचे चार ठिपके आहेत आणि तुम्ही तीनदा खोडलेली ती आठवी ओळ आहे. पुढच्या वर्षी सातवीला अक्षरे मोजायला मी तोच कागद दाखवणार आहे, तुमच्या परवानगीने. पाचवीतला तो मुलगा तुम्हाला भेटायला येऊ म्हणतो. रविवारी सकाळी आणू का हो?

मनापासून ऋणी,
तुमची विज्ञानाची सहकारी